गहाणखतातील कसूर, विक्रीचा अधिकार आणि कर्जफेडीनंतरची मुक्ती

प्रश्न : माझ्या व पत्नीच्या संयुक्त नावावर पुण्यात एक दुकान आहे. ते तारण ठेवून व्यवसायासाठी बँकेकडून १० वर्षांच्या मुदतीने ४० लाखांचे कर्ज घेत आहोत. गहाणखताच्या २६ पानी मसुद्यात लिहिले आहे की कसूर झाल्यास बँक न्यायालयात न जाता दुकान विकू शकेल. हे खरेच शक्य आहे का? आणि कर्ज पूर्ण फिटल्यावर दुकान आपोआप मोकळे होते का?

उत्तर :

विक्री खरेच शक्य आहे आणि दुकान आपोआप मोकळे होत नाही. मात्र या दोन्ही उत्तरांची किल्ली तुम्ही विचारलेल्या कलमांत नाही. ती बहुधा मसुद्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या पानावर, व्याख्यांच्या परिच्छेदात आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो.

त्या परिच्छेदात ‘येणे रक्कम’ किंवा ‘तारणयुक्त रक्कम’ अशी एक संज्ञा असेल. छापील मसुद्यांत तिचा मजकूर साधारण असा असतो : ‘सदर कर्जाची मुद्दल, व्याज, आकार व खर्च, तसेच गहाण देणार याने बँकेस आज देय असलेली अथवा भविष्यात देय होणारी कोणतीही रक्कम, मग ती कर्जदार, सहकर्जदार अथवा जामीनदार या नात्याने असो.’ यातील ‘तसेच’नंतरचा भाग सही करताना कोणी वाचत नाही. पुढे कसुरीचे कलम म्हणते, ‘येणे रक्कम’ वेळेत न भरल्यास कसूर समजली जाईल. विक्रीचे कलम म्हणते, ‘येणे रक्कम’ वसूल करण्यासाठी बँक मिळकत विकू शकेल. मुक्तीचे कलम म्हणते, ‘येणे रक्कम’ पूर्ण फिटल्यावर बँक मिळकत मोकळी करून देईल. म्हणजे तिन्ही दरवाजे एकाच बिजागरीवर फिरतात.

याचा परिणाम माझ्या एका नाशिकच्या पक्षकाराने अनुभवला. त्याने गाळ्यावर २५ लाखांचे कर्ज घेतले होते आणि ते मुदतीच्या दोन वर्षे आधी फेडले. शेवटचा धनादेश वटल्यावर तो मूळ खरेदीखत आणायला गेला, तेव्हा बँकेने सांगितले की त्याच बँकेत त्याच्या भावाच्या १२ लाखांच्या कॅश क्रेडिट खात्याला तो जामीनदार आहे आणि गहाणखतातील व्याख्येप्रमाणे ती जबाबदारीही याच गाळ्यावर आहे. भावाचे खाते नियमित होते, एक रुपयाही थकलेला नव्हता. तरीही दस्ताच्या शब्दांकडे पाहता बँकेची भूमिका निराधार म्हणता येत नव्हती. गाळ्याला गिऱ्हाईक ठरले होते, विसारही घेतला होता. शेवटी भावाच्या खात्यासाठी मुदत ठेव तारण म्हणून दिली आणि सात महिन्यांनी गाळा सुटला. तोवर गिऱ्हाईक निघून गेले होते.

म्हणून पहिली दुरुस्ती इथे मागा. ‘येणे रक्कम म्हणजे मंजुरीपत्र क्रमांक अमुक, दिनांक तमुक अन्वये दिलेल्या ४० लाख रुपयांच्या कर्जाची मुद्दल, त्यावरील व्याज, मंजुरीपत्रात नमूद आकार आणि वसुलीचा प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्च’, एवढीच व्याख्या ठेवा आणि पुढचे सारे काढायला सांगा. बँक छापील मसुदा बदलत नसेल, तर निदान तुम्ही किंवा पत्नी त्या बँकेत अन्य कोणाला जामीन आहात का, हे सहीपूर्वी तपासा आणि पुढेही तिथे जामीन राहताना हे कलम आठवा. याच परिच्छेदाच्या आसपास ‘बँकेच्या पुस्तकातील हिशेब अंतिम व बंधनकारक राहील’ असे वाक्य सापडेल. त्याला ‘उघड चूक वगळता’ ही पुस्ती बँका सहसा नाकारत नाहीत.

आता कसुरीकडे येऊ. हप्ता न भरणे ही एकच कसूर असते असा समज आहे. प्रत्यक्षात मसुद्यात आठ-दहा प्रसंग असतात : विम्याचे नूतनीकरण न करणे, मिळकत कर किंवा गाळेधारक संस्थेची देणी थकणे, परवानगीशिवाय दुकान भाड्याने देणे, त्याच बँकेतील दुसऱ्या कर्जाचा हप्ता चुकणे, आणि ‘बँकेच्या मते’ तारणाचे मूल्य घटणे. यांपैकी शेवटचा प्रसंग सर्वांत सैल आहे, कारण त्यात मोजण्याजोगे काहीच नसते. तिथे ‘बँकेच्या पॅनेलवरील मूल्यनिर्धारकाच्या लेखी अहवालानुसार’ असे शब्द घालून घ्या. हप्त्याखेरीजच्या बाकीच्या प्रसंगांसाठी लेखी सूचनेनंतर ३० दिवसांत दोष दूर करण्याची मुभा मागा. विम्याचा हप्ता विसरला म्हणून ४० लाखांचे कर्ज एकरकमी परत मागण्याचा अधिकार कागदावर असणे योग्य नाही, हे शाखाधिकाऱ्यालाही पटते.

मसुद्यात ‘द. सा. द. शे. २ टक्के दंडव्याज’ असे शब्द दिसले, तर मसुदा जुना आहे असे समजा. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडव्याजाची पद्धत बंद केली. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांत फक्त दंडात्मक आकार लावता येतो, तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्यावर पुढे व्याजही चढवता येत नाही. जुना मसुदा हाती आला असेल, तर त्यातील इतर कलमेही जुन्या नियमांवर बेतलेली असण्याची शक्यता धरून वाचा.

गहाणखतातील कसूर आणि बँकांना न्यायालयात न जाता तारण विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याखालील कारवाई या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. हप्ता एक दिवस चुकला तरी गहाणखताप्रमाणे कसूर होते, पण २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची मागणी नोटीस देण्यासाठी खाते अनुत्पादक, म्हणजे रोजच्या भाषेत एनपीए, झालेले असावे लागते. तुमच्याच आकड्यांवर पाहू. ४० लाख, १२० हप्ते आणि व्याज १०.५ टक्के धरले, तर हप्ता सुमारे ५४ हजार येतो. समजा पहिले बारा हप्ते नीट भरले आणि ५ जानेवारीचा हप्ता चुकला. तो तसाच राहिला, तर ९० दिवसांनी, ५ एप्रिलच्या दिवसअखेरीस खाते एनपीए होते. तोवर चार हप्ते, म्हणजे साधारण २ लाख १६ हजार थकलेले असतात.

इथे एक चूक वारंवार होते. ४ एप्रिलपर्यंत तुम्ही एक हप्ता भरला, तर तो सर्वांत जुन्या थकबाकीत, म्हणजे जानेवारीच्या हप्त्यात जमा होतो, मोजणी फेब्रुवारीच्या हप्त्यापासून धरली जाते आणि महिनाभराची उसंत मिळते. तोच हप्ता ६ एप्रिलला भरला, तर खात्याच्या वर्गवारीत काही फरक पडत नाही. १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले आहे की एकदा एनपीए झालेले खाते मुद्दल आणि व्याजाची संपूर्ण थकबाकी भरल्यावरच पुन्हा नियमित धरता येते. ‘मी दर महिन्याला काही ना काही भरत होतो, तरी नोटीस कशी आली’ या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा इथे असते.

एनपीए झाल्यावर कलम १३(२) ची नोटीस येते आणि तिच्यात २ लाख १६ हजारांची नव्हे, तर संपूर्ण कर्जाची मागणी असते. आपल्या उदाहरणात ती साडेसदतीस लाखांहून अधिक मुद्दल आणि वर व्याज अशी असेल. ती फेडायला ६० दिवस मिळतात. या मुदतीत लेखी हरकत जरूर द्या, कारण कलम १३(३अ) प्रमाणे बँकेला त्या हरकतीला १५ दिवसांत सकारण उत्तर द्यावे लागते. उत्तर असमाधानकारक असले तरी त्या टप्प्यावर अपील करता येत नाही, पण न दिलेले उत्तर पुढे कर्जवसुली न्यायाधिकरणापुढे तुमच्या बाजूचा मुद्दा ठरू शकते. ६० दिवसांनंतर कलम १३(४) खाली बँक प्रथम बहुधा प्रतीकात्मक ताबा घेते : दुकानावर नोटीस चिकटवते आणि सात दिवसांच्या आत दोन वृत्तपत्रांत, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील, ती छापते. प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो. कलम १३(४) च्या कारवाईविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जाण्यासाठी कलम १७ प्रमाणे ४५ दिवसांची मुदत आहे.

मग मसुद्यातील विक्रीच्या अधिकाराचे कलम कशाला, असा प्रश्न पडेल. न्यायालयाविना विक्रीची मूळ तरतूद १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६९ मध्ये आहे आणि ती मुद्दाम अरुंद ठेवलेली आहे. सर्वसाधारण कर्जदाराच्या बाबतीत ती तेव्हाच लागू होते, जेव्हा गहाणखतात असा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला असतो आणि मिळकत मुंबई, कोलकाता, चेन्नई किंवा राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या शहरात असते. शिवाय मुद्दलीच्या लेखी मागणीनंतर तीन महिने थकबाकी राहावी लागते. सरफेसी कायद्याचे कलम १३(१) मात्र ‘कलम ६९ मध्ये काहीही असले तरी’ अशा शब्दांनी सुरू होते. त्यामुळे तुमची बँक दुकान विकायला निघाली, तर ती सरफेसीच्याच वाटेने जाईल. सहकारी बँकाही त्या कायद्याखाली येतात, हे पांडुरंग गणपती चौगुले विरुद्ध विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये निश्चित केले. पतसंस्थेला ही वाट नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेते. खासगी सावकार किंवा व्यक्ती यांच्याकडे गहाण असेल तर मात्र गहाणखतातील विक्रीचे कलम आणि कलम ६९ यांनाच सारे महत्त्व येते.

हा फरक पुस्तकी नाही, कारण मिळकत सोडवून घेण्याचा तुमचा हक्क कधी संपतो हे त्यावर ठरते. जुन्या कायद्याप्रमाणे तो हक्क फार चिवट आहे. नारणदास करसनदास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की गहाण घेणाऱ्याने लिलाव केला, बोली स्वीकारली, तरी नोंदणीकृत खरेदीखत होईपर्यंत गहाण देणारा रक्कम भरून मिळकत सोडवू शकतो. सरफेसीत २०१६ च्या दुरुस्तीनंतर तसे राहिलेले नाही. सुधारित कलम १३(८) प्रमाणे लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वी खर्चासह संपूर्ण येणे भरले, तरच विक्री थांबते. सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच शेवटची रेषा मानली. म्हणजे नातेवाइकांकडून पैसे जमवून लिलावाच्या आदल्या दिवशी बँकेत जाण्याचा जो जुना शिरस्ता होता, तो आता हक्क म्हणून उरलेला नाही. बँकेने राजीखुशीने मान्य केले तर गोष्ट वेगळी.

त्यामुळे विक्रीच्या कलमात भांडून मिळवण्याजोगी गोष्ट एकच आहे आणि ती म्हणजे नोटिसांचा पत्ता. विक्रीचा अधिकार बँक सोडणार नाही, किमान किमतीची हमीही देणार नाही. नियमांप्रमाणे ती मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाकडून किंमत काढून राखीव किंमत ठरवते आणि पहिल्या लिलावापूर्वी तुम्हाला ३० दिवसांची नोटीस देते. ही नोटीस तुमच्या हाती पडणे हेच खरे संरक्षण आहे. धंदा बसला की दुकान बंद राहते, नोटीस बंद शटरवर चिकटते, आणि मालक दुसऱ्या गावी असतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. गहाणखतात तुमचा व पत्नीचा, दोघांचेही राहते पत्ते आणि ई-मेल स्वतंत्रपणे लिहून घ्या. पत्ता बदलला तर शाखेत लेखी कळवून पोच घ्या. तुम्ही दोघेही मालक असल्याने ‘एकास दिलेली नोटीस सर्वांस दिली असे समजले जाईल’ हे वाक्य दिसले, तर ते काढायला सांगा.

विक्रीतून खर्च आणि येणे वजा जाता काही उरले, तर ते कलम १३(७) प्रमाणे हक्कदाराला परत द्यावे लागते, आणि कमी पडले तर उर्वरित रकमेसाठी बँक तुमच्या मागे लागू शकते. शिवाय बाकी येणे मुद्दल व व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी राहिले असेल, तर सरफेसी लागूच होत नाही. कर्जाच्या शेवटच्या एक-दीड वर्षात अडचण आली तर हे ध्यानात असू द्या, कारण नोटिसा पाठवणाऱ्या वसुली विभागाच्या ध्यानात ते नेहमी असतेच असे नाही.

राहिली मुक्ती. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६० प्रमाणे पूर्ण रक्कम भरल्यावर गहाणखत व मिळकतीचे दस्त परत मिळवणे आणि गहाण संपल्याची नोंदणीकृत कबुली लिहून घेणे हा तुमचा हक्क आहे आणि गहाणखतातील कोणतेही कलम तो हिरावू शकत नाही. मात्र हा खर्च त्याच कलमाप्रमाणे तुमचा असतो. कलमात वेळेची मुदत नाही, आणि तीच खरी अडचण आहे.

तुम्ही म्हणाल की रिझर्व्ह बँकेचा ३० दिवसांचा आणि रोज ५,००० रुपये भरपाईचा नियम आहेच. आहे, पण तो तुमच्या कर्जाला लागू होईल असे गृहीत धरू नका. १३ सप्टेंबर २०२३ चे ते परिपत्रक, जे १ डिसेंबर २०२३ पासून अमलात आले, वैयक्तिक कर्जांपुरते आहे. तो शब्द त्याच्या शीर्षकातच आहे. तुम्ही व्यवसायासाठी मालमत्ता तारण ठेवून घेतलेले कर्ज बँक त्या वर्गात धरणार नाही. म्हणून हाच नियम कराराने स्वतःला लावून घ्या. मुक्तीच्या कलमात, किंवा ते शक्य नसल्यास मंजुरीपत्रात, असे वाक्य असू द्या : ‘येणे रक्कम पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत बँक परिशिष्टात नमूद सर्व मूळ दस्त परत करील, गहाणमुक्तीचा दस्त नोंदवून देईल व सर्व नोंदवह्यांतील बोजा उतरवील, आणि विलंबास बँक जबाबदार असल्यास प्रत्येक दिवसास ५,००० रुपये भरपाई देईल.’ भरपाईचा आकडा बँक कमी करून मागेल, प्रसंगी काढायलाही सांगेल. मुदत मात्र सोडू नका.

या वाक्यातील ‘परिशिष्टात नमूद’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दस्त सुपूर्द करताना यादीत ‘खरेदीखत व इतर कागदपत्रे’ असे मोघम लिहू देऊ नका. खरेदीखताचा दस्त क्रमांक व दिनांक, मूळ नोंदणी पावती, सूची क्रमांक २, आधीच्या मालकांच्या साखळीतील प्रत्येक दस्त, भाग दाखला, हे सारे पानांच्या संख्येसह लिहा आणि बँकेच्या सही-शिक्क्याची प्रत घरी ठेवा. मूळ नोंदणी पावती हरवण्याचे प्रमाण मोठे आहे. तो छोटासा कागद असतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा वकील नेमका तोच मागतो.

शेवटचा हप्ता गेल्यावर ‘थकबाकी नाही’ असा दाखला मिळतो आणि बहुतेक लोक तिथे थांबतात. त्या दाखल्याने खाते बंद होते, बोजा उतरत नाही. गहाणखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले असल्याने गहाणमुक्तीचा दस्तही तिथेच नोंदवावा लागतो, नाहीतर शोध अहवालात तुमचे गहाण तसेच दिसत राहते. मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद झाली असेल, तर त्या दस्ताची प्रत जोडून नगर भूमापन कार्यालयात किंवा तलाठ्याकडे, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, स्वतंत्र अर्ज करावा लागतो. सर्साई या केंद्रीय नोंदवहीतील नोंद बँकेनेच उतरवायची असते. तिथला शोध कोणालाही शुल्क भरून घेता येतो, तेव्हा बँकेच्या शब्दावर न राहता महिनाभराने स्वतः पाहून घ्या. संस्थेला पूर्वी दिलेले तारणाचे पत्र रद्द झाल्याचे पत्र, विमा पॉलिसीवरील बँकेचे नाव काढणे, आणि न वापरलेले सहीचे धनादेश परत घेणे ही कामे त्याच आठवड्यात उरकतात. खात्यातून आपोआप हप्ता जाण्याची परवानगीही तेव्हाच रद्द करा.

मुक्तीच्या दस्तावर सही करायला बँकेचा अधिकृत अधिकारी दुय्यम निबंधकाकडे यावा लागतो, आणि व्यवहारात सर्वाधिक वेळ याच भेटीची तारीख मिळवण्यात जातो. त्याच्या अधिकारपत्राची प्रत दस्ताला जोडलेली आहे का, ते तिथल्या खिडकीवर उभे राहण्यापूर्वी तपासा. ती नसल्यामुळे दस्त परत आला की पुढची तारीख पुन्हा बँकेच्या सोयीने ठरते.